काटा खरं बोलत होता

मी त्या दिवशी परभणीला वेळेवर पोचले असते तर मास्तरीण झाले असते. एवढं एकच वाक्य मला सांगायचंय, बाकी सगळा राग आहे.

नेमणुकीचं पत्र आमच्या गावाला उशिरानं आलं. हाती एकच दिवस: संध्याकाळी परभणीचं कार्यालय बंद व्हायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईला जागा. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते, आज बंद तर उद्या दगडफेक. सकाळची एस.टी. आलीच नाही. चारठाण्याकडून जिंतूरला जायला दुसरं काही मिळेना, म्हणून काकाची डिझेल जीप निघाली. काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. आख्ख्या गावात जीप त्याचीच, आणि तिचा तोराही त्याचाच.

त्या जीपचा डिझेलचा काटा कायम कमी दाखवायचा. काटा लाल खुणेवर टेकला तरी टाकीत बरंच डिझेल असायचं. काकानं अनुभवावरून हिशोब बसवला होता: लालावर आला की अजून पन्नास किलोमीटर. हा आकडा तो पाहुण्यांना असा सांगायचा की जणू सातबाऱ्यावर चढवलाय.

जिंतूरच्या अलीकडं चढ लागला. जीपचं तोंड वर झालं आणि काटा चांगला वर सरकला. मी विचारलं, "काका, डिझेल हाय नं?"

"दिसायलंय की. बग, पाव टाकी."

चढ संपून रस्ता सपाट झाला तसा काटा लालावर येऊन पडला. चढावर टाकीतलं डिझेल मागं जातं, काट्याला हलवणारा फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगणारा पोकळ गोळा, तोही मागच्याच अंगाला, म्हणून तो उचलला जातो. हे मला नंतर कळलं. पण चढावर एक आणि सपाटीला एक, एवढं तर मला दिसत होतं! जिंतुरात पंप आला तेव्हा मी म्हणाले, "काका, घ्या थोडं भरून. न्हाईतर तुराटी घालून टाकी तरी बघा."

"परभणी त्रेचाळीस किलोमीटर, आपल्याजवळ पन्नास. मास्तरीण व्हायलीस नं? मग हिशोब कर." आणि हसला. पंप मागं गेला.

बोरीच्या अलीकडं जीपनं दोन गचके दिले आणि थांबली. बंदामुळं रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका भल्या माणसानं सायकलवरून बोरीहून कॅनमध्ये डिझेल आणलं, पण डिझेलची गाडी नुसतं ओतून कुठं चालू होते? पाइपात हवा शिरलेली. काका घाम पुसत हातपंप दाबून हवा काढत बसला आणि मी पत्र पदराखाली धरून बांधावर. परभणीत पोचलो तेव्हा कार्यालयाला कुलूप होतं. शिपाई म्हणाला, "सायेब आत्ताच गेले, बाई. उद्या येऊन उपयोग न्हाई." तसंच झालं.

परत येताना काका जिंतूरच्या मिस्तरीवर धावून गेला. आठवडाभर आधी त्याच्याकडं ब्रेकचं काम झालं होतं. "काय करून ठेवलंस रे माज्या गाडीला?"

मिस्तरी बिचारा खुशीत म्हणाला, "मालक, ब्रेकसंगं काटाबी नीट करून दिला की. पितळंचा फ्लोट फुटला होता, आत डिझेल शिरून निम्मा बुडायचा, म्हणून काटा कमी दाखवायचा. रिकामा करून झाळला, भोक बुजवलं. आता काटा एकदम खरा हाय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"बिघडलं तर सांगतेत, मालक. दुरुस्त झालेलं काय सांगायचं? मला वाटलं, दिसंल."

दिसलं होतं! डिझेल नेहमीएवढंच भरून काटा जास्त वर गेला, तेव्हा काका घरी येऊन सांगत होता की पंपावाल्यानं आज माप इमानदारीनं दिलं. काटा खरा झाला असेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही. पन्नासचा आकडा त्या फुटक्या फ्लोटचा होता. फ्लोट झाळला त्या दिवशीच आकडा मेला. हा मात्र मढं घेऊन गाडी चालवत होता.

आता पुतण्याच्या गाडीत पडद्यावर दिसतं, अजून इतके किलोमीटर. मी विचारते, कशावरून? तर मागं गाडीनं किती खाल्लं त्यावरून, आणि टाकीतल्या फ्लोटवरून. म्हणजे पुढचा चढ त्याला ठाऊक नाही, आणि फ्लोट चुकला तर तोही चुकला. निम्मा आकडा झाला की मी गाडी पंपावर घ्यायला लावते. पोरं हसतात. हसू द्या.

माझी जागा यादीतल्या पुढच्या बाईला मिळाली, आणि ती आमच्याच भागातल्या शाळेवर आली. बाई चांगली होती, तिचा काय दोष? पावसाळ्यात रस्ता बंद पडला की काका तिला जीपनं शाळेत सोडायचा. एकदा आमच्या दारातच, माझ्यासमोर थांबला आणि तिला म्हणाला, "बसा मॅडम, घाई न्हाई, आपण येळेवर पोचतो."

मी भाकरी थापत होते. हातातली भाकरी तव्यावर पडायच्या आधीच फाटली.