ओव्याचा काशीराम

पनवेलच्या एसटी स्टँडामागे कमळाकरचं कॅसेटचं दुकान होतं. होतं म्हणायचं, कारण दोन हजार दहा साल उजाडलं तेव्हा तिथे मोबाइलची कव्हरं लटकत होती आणि कॅसेट औषधालाही उरली नव्हती. पण काय दिवस होते ते! लग्नसराईत आगरी-कोळी गाण्यांच्या कॅसेट घ्यायला सुकापूरपासून उरणपर्यंतची माणसं यायची, आणि गिऱ्हाइकाने नुसतं गुणगुणलं तरी कमळाकर हात वर करून नेमकी कॅसेट काढायचा. त्याचा त्याला भारी तोरा.

पुढे मेमरी कार्डं आली. कमळाकरने सगळ्या कॅसेट स्वतः बसून कॉम्प्युटरात भरल्या, गायकाच्या नावाचे फोल्डर केले, आणि कॅसेट, कव्हरं सगळं भंगारात घातलं. "जागा झाली बघा!" म्हणून मिरवलाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कोणाला कळतंय?

एका दुपारी जवळच्या ओवे गावची गुणाबाई आली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, नातीचं लग्न तोंडावर.

"कमळाकर, काशीराम ठाकूरची हलदीची गाणी भरून दे. समृद्धीच्या हलदीला लावायचीत."

त्याने काशीरामचा फोल्डर उघडला, वरची मावतील तेवढी गाणी कार्डात भरून दिली. दुसऱ्या दिवशी बाई परत हजर.

"यो आमचा काशीराम नाय! यात त्यो बेंजोच नाय!"

कमळाकरने डोक्याला हात लावला. काशीराम ठाकूर दोन होते! एक ओव्याचा, एक उरणचा. दोघेही हळदीची गाणी गायचे, दोघांच्या साथीला बेंजो. कव्हरावर नावाखाली गाव छापलेलं असायचं, म्हणून दुकानात कधी घोळ झाला नाही. कॉम्प्युटरात भरताना मात्र या शहाण्याने नुसतं नाव टाकलं, गाव गाळलं. दोघांची गाणी एकाच फोल्डरात, तीही अक्षरांच्या क्रमाने लागलेली. आवळ्याभोपळ्याची मोट नुसती.

"मावशी, आवाज ओळखाल ना?"

"आवाजाचं काय घेऊन बसलास? दोघं सारखंच वरडतात. मना त्यो बेंजो पायजे." बाईचा आवाज एकदम खाली आला. "आमचे हे वाजवायचे. एकाच कॅसेटीत हायेत. घरची होती ती पुरात गेली."

"नाव काय त्यांचं?"

गुणाबाईने पदर पुढे ओढला आणि रस्त्याकडे बघितलं. कमळाकरने जीभ चावली. ओव्याची म्हातारी नवऱ्याचं नाव घेईल? लग्नातला उखाणा सोडला तर जन्मात घेतलं नसेल.

"हलदीत मी मागंच बसनार, रांडावलेली बाई," ती म्हणाली. "पन त्यांचा बेंजो मांडवात वाजाया पायजे. नातीनं आजा बघलाच नाय."

आता कमळाकरला घाम फुटला. एक एक गाणं ऐकत बसला तरी कुठलं कोणाचं हे ठरवणार कसं? मग त्याला जुनी गोष्ट आठवली. आपल्याकडचा गायक कॅसेटची सुरुवात करतो ती आपल्या गावदेवीला नमन करून. ते पहिलं नमन सापडलं की पुढची गाणी त्याच माणसाची. पण अक्षरांच्या क्रमात नमन एका टोकाला आणि गाणी भलतीकडेच! तेव्हा सुचलं: भरताना त्याने एक कॅसेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग भरली होती. अक्षरांऐवजी भरल्याच्या तारखेने आणि वेळेने लावलं तर?

लावलं. गाणी जुन्या कॅसेटींसारखी मुकाट्याने रांगेत बसली, जागोजागी नमन. पहिलं उरणच्या देवीचं, दुसरंही उरणचंच. तिसरं वाजलं, "ओव्याच्या गावदेवी, तुला पयला नमस्कार..."

"हाच! हाच काशीराम!" गुणाबाई स्टूल धरून बसली.

पुढची गाणी कमळाकर एकेक लावत गेला. दुकानात जुन्या मांडवांचा वास आल्यागत झालं. हळद, फुलं, तेलात तळलेले वडे. त्याला स्वतःचंच तरुणपण आठवून गलबलून आलं. चौथ्या गाण्यात कडवं संपलं, बेंजो सुसाट सुटला आणि मधेच काशीराम खुशीत ओरडला, "वाजव रे रामू! वाजव!"

गुणाबाईचा हात तोंडावर गेला. डोळे भरून वाहायला लागले, आणि त्यातच ती हसायलाही लागली.

"इचारत होतास ना नाव?" ती म्हणाली. "घे. त्यानंच घेतलं."

कमळाकरने फोल्डरचं नाव बदललं, 'काशीराम ठाकूर, ओवे'. कार्ड भरून तिच्या हातावर ठेवलं. ती उठेना.

"अजून एकदा लाव रे," ती म्हणाली. "त्येवढंच. नाव घेतलं तेवढं."