कात्रीसरांची नोंद

कॉलेजात निबंधलेखन शिकवणाऱ्या सरांना मुलं पाठीमागे कात्रीसर म्हणत. ‘शब्दकोशानुसार मैत्री म्हणजे...’ अशी सुरुवात दिसली की ते पहिला परिच्छेद लाल शाईने उडवत आणि वर्गासमोर लेखकाची सालं काढत. “वाचकाला मैत्री म्हणजे काय ते कळत नाही, असं वाटतं का तुला? कोश सगळ्यांना मान्य तेवढंच सांगतो. तुझं म्हणणं कुठंय? कोशाशी भांडणार असशील तरच त्याला बोलाव.” पोरी रडत. सरांना त्याचं काही वाटत नसे, उलट जेवण गोड लागे.

या माणसाच्या नावावर आयुष्यात एकच छापील गोष्ट होती. तरुणपणी एका विश्वकोशासाठी त्यांनी ‘एकाकीपणा’ ही नोंद लिहिली होती. खाली फक्त आद्याक्षरं. “वाचली का हो कुणी?” बायको अधूनमधून विचारी आणि भाजी चिरत राही.

निवृत्तीच्या वर्षी एका मुलीने वसतिगृहातल्या एकटेपणावर निबंध दिला. तो कॉलेजच्या वार्षिक अंकात छापायचा होता. सुरुवातीलाच सरांची नोंद, शब्दन् शब्द. लाल पेन उचललं आणि ठेवून दिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा व्याख्या जिवंत राहिली.

“संदर्भ चुकलाय,” ते मुलीला म्हणाले. “तू संपादकाचं नाव टाकलंयस. शब्दकोशातल्या नोंदीला बहुधा लेखक नसतो, तिथे शब्द आणि आवृत्ती दिली की भागतं. पण विश्वकोशातल्या नोंदीखाली आद्याक्षरं असतात. खंडाच्या सुरुवातीला लेखकांची यादी आहे, तिथे नाव शोध. ते नाव आधी, मग नोंद, कोश, खंड.”

घरी त्यांनी बायकोला सांगितलं, नाव छापून येणार. ती चक्क हसली नाही.

मुलीने दुसऱ्या दिवशी वर्गातच निबंध आणून दिला. नोंद नव्हती. संदर्भसूचीतही नव्हती.

“व्याख्या कुठे गेली?”

“काढली सर. शोधल्यावर कळलं, तुमचीच आहे. म्हणून तीनदा वाचली.”

“मग राहू द्यायची की.”

“तुम्हीच म्हणता ना, भांडणार असू तरच ठेवा. तिच्यात भांडण्यासारखं काही सापडलंच नाही. आणि वापरली नाही म्हटल्यावर सूचीत तरी कशाला?”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मुलगी मात्र हसली नाही, तिने सरांचं म्हणणं मनापासून ऐकलं होतं.

सरांनी निबंध वाचला. आता तो जेवणघरात एकटी बसून, फोनवर बोलल्याचं सोंग करणाऱ्या मुलीपासून सुरू होत होता. पहिल्या ओळीपासून धरून ठेवत होता. नोंद गेल्यामुळेच तो सुधारला, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यांना तिचा मनस्वी राग आला. मग त्यांनी ‘छापण्यास योग्य’ असा शेरा लिहिला आणि खाली सही म्हणून सवयीने नुसती आद्याक्षरं केली.