तिशीच्या फोटोखालच्या चार ओळी

ड्रायक्लीनिंगच्या त्या दुकानात तिला सगळे टिंगू म्हणत. अंगाने ती चांगली ताडमाड, कपडे अडकवायच्या वरच्या दांडीपर्यंत शिडीशिवाय पोचणारी. नाव पडलं होतं ते काउंटरवरच्या घंटीमुळे. गिऱ्हाइकांनी वाजवावी म्हणून ठेवलेली ती घंटी वाजवायची मात्र हीच. कुणी फुशारकी मारली की एक टिंग. फुशारकीला नम्रपणाचा सदरा घालून आणलं, तर दोन.

‘‘उघड बढाईला शिक्षा नाही,’’ ती नियम समजावून सांगायची. ‘‘माणूस आहे, भाव खाणारच. पण ‘अहो, मी कसला हुशार, लोकच उगाच म्हणतात’ असं म्हणालात की दोन टिंग. आणि दोन टिंगवाल्याने ड्रायरची जाळी साफ करायची.’’

ड्रायरच्या जाळीत कपड्यांचा सगळा धागाधुरळा साठतो. तो काढताना नाकातोंडात जातो आणि माणूस संध्याकाळपर्यंत शिंकत राहतो. त्यामुळे दुकानात सगळे जपून बोलत. इस्त्रीवाले काका तर बोलतच नसत. काउंटरवाली वहिनी आपल्या मुलीचे मार्क सांगताना आधी घंटीवर पालथा पंजा ठेवायची.

टिंगूचं काम डाग काढण्याचं. मागच्या खोलीत तिचं टेबल, त्यावर वाफेची बंदूक, ब्रश, बाटल्या. डाग घासायचा नसतो, ठोकायचा असतो, आणि कडेकडून आत यायचं असतं, नाहीतर डाग जातो आणि त्याच्याभोवतीचं कडं राहतं. हे तिला छान जमायचं. माणसांच्या बाबतीत मात्र तिचा हात थेट मध्यावर पडे.

असाच तो दादावर पडला होता. दादाने घर घेतलं, फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘छोटंसं घरटं. माझ्यासारख्या साध्या माणसाला एवढं पुरे.’ फोटोत दोन बाल्कन्या होत्या आणि तिसरीचा कोपरा दिसत होता. टिंगूने घरच्या ग्रुपवर दोनच शब्द टाकले : ‘टिंग टिंग.’ आत्या हसल्या, मावश्या हसल्या, एका मेहुण्याने तर बाल्कन्या मोजून दाखवल्या. संध्याकाळी पाहिलं तर दादाने फोटो काढून टाकलेला. तेव्हापासून तिच्या कुठल्याही मेसेजला त्याचं उत्तर म्हणजे एक अंगठा. फोन केला तर ‘मीटिंगमध्ये आहे.’ दादा शाळेत खेळ शिकवायचा. मैदानावर कसल्या एवढ्या मीटिंगा चालतात, हे तिने विचारलं नाही.

आणि आता तिला तीस वर्षं पूर्ण होत होती.

‘‘फोटो टाकशीलच ना?’’ काउंटरवाली वहिनी म्हणाली. ‘‘खाली काय लिहितेस ते बघायला आम्ही सगळे टपून बसलोय.’’

‘‘दादाही टपला असेल,’’ टिंगू म्हणाली. आवाजात मस्करी होती, पण धास्ती खरी होती. दादा दुसरीकडे कुठे नाही तरी तिथे नक्की बघणार होता. फोटोखालच्या चार ओळींत तिचा जरा जरी तोरा दिसला, तर अंगठासुद्धा बंद होणार.

फोटो ठरला होता. वहिनीने नकळत काढलेला : वाफेच्या ढगात टिंगू, एक डोळा मिटलेला, हातात कुणाचा तरी कोट. प्रश्न खालच्या मजकुराचा होता. दुपारच्या सुट्टीत ती डब्यासमोर मोबाइल घेऊन बसली आणि पहिला मसुदा तयार झाला.

‘तीस वर्षं. खूप शिकले. पडले, उठले, पुन्हा उभी राहिले.’

‘‘टिंग,’’ वहिनी म्हणाली.

‘‘यात काय आहे फुशारकीचं?’’

‘‘तीन वाक्यांत तू दोनदा उभी राहिलीस.’’

टिंगूने ते खोडलं. तिच्या लक्षात आलं की ‘शिकले’ हाच शब्द चोर आहे. शिकले म्हटलं की अभ्यास संपला, निकाल लागला, आता फक्त हार घालायचा बाकी. मग तिने उलट्या बाजूने सुरुवात केली. यश नको, चुका लिहू.

‘तिशीत कबूल करते : मी सगळ्यांसाठी जरा जास्तच करते. नाही म्हणायला मला जमत नाही. फार मनाला लावून घेते.’

या वेळी वहिनीने घंटीच आतल्या खोलीत आणली. टिंग टिंग.

‘‘या चुका आहेत की लग्नाची जाहिरात?’’ ती म्हणाली. ‘‘खरी चूक लिही की. परवा वकीलबाईंच्या कोटाची बटणं वितळवलीस ती लिही.’’

‘‘ते काय लिहायचं!’’

‘‘बघ. जी लिहायला लाज वाटते ती चूक. बाकी सगळा शृंगार.’’

टिंगूला ते झोंबलं, कारण हे वाक्य तिने म्हणायला हवं होतं. जाळी साफ करून, शिंकून शिंकून नाक लाल करून ती परत टेबलाशी आली. तिसरा मसुदा आभारांचा होता. ‘मला घडवणाऱ्या प्रत्येकाचे आभार.’ तो तिने स्वतःच पुसला. घडवणाऱ्यांचे आभार म्हणजे आपण घडलो आहोत, बरे घडलो आहोत, असं गृहीतच धरलेलं. चौथ्यात ‘वय म्हणजे नुसता आकडा’ आलं, तेव्हा तिने मोबाइल पालथा घातला.

संध्याकाळी आई भाजी निवडत बसली होती. टिंगू तिच्या शेजारी टेकली.

‘‘आई, खरं सांग. विशीतल्या मला आणि आताच्या मला बघून तुला काय फरक वाटतो?’’

‘‘वजन,’’ आई म्हणाली.

‘‘स्वभावात गं.’’

आईने एक देठ मोडला, विचार केला. ‘‘पूर्वी भांडलीस की दार आपटायचीस. आताही आपटतेस. पण मग परत येऊन बघतेस, मोडलं तर नाही ना.’’

टिंगू हसली आणि तशीच उठून आत गेली. हे तिचं होतं आणि तिने लिहिलेलं नव्हतं, म्हणूनच चांगलं होतं. त्यात बढाई नव्हती, मुळूमुळू कबुलीही नव्हती. एक दार होतं आणि एक मुलगी होती. तिने पाचवा मसुदा लिहिला :

‘लोकांची फुशारकी मला लगेच ऐकू येते. स्वतःची ऐकू यायला उशीर होतो. आई म्हणते, पूर्वी मी दार आपटायचे. आता आपटून परत येते, मोडलं तर नाही ना बघायला.’

वाढदिवसाच्या सकाळी तिने फोटो टाकण्याआधीची झलक मोबाइलवर उघडली आणि मजकूर इस्त्रीवाल्या काकांना मोठ्याने वाचायला दिला. आपलं लिहिणं आपण वाचलं की आपला गोड आवाज त्यावर साखर पेरतो. काका सगळं धुलाईच्या पावतीसारखं वाचत. त्यांच्या तोंडून जे खटकेल ते खोडायचं.

काकांनी चष्मा वर केला. ‘‘लोकांची फुशारकी मला लगेच ऐकू येते,’’ त्यांनी वाचलं आणि थांबले.

‘‘पुढे वाचा ना.’’

‘‘फोनवर एवढंच दिसतं. पुढे ‘आणखी’ असं लिहून येतं. दाबायचं का?’’

टिंगूने कपाळावर हात मारला. फोटोखाली आधी पहिली एकदोन वाक्यंच उघडी दिसतात, बाकीची ‘आणखी’च्या आत दडतात. आणि ते दाबणारे किती? निम्म्या जगाला दिसणार ती वाफेच्या ढगातली राणी आणि खाली ‘लोकांची फुशारकी मला लगेच ऐकू येते.’ म्हणजे मजकूर साधा आणि दर्शनी पाटी बढाईची! तिने आईचं वाक्य उचलून वर ठेवलं. आता कुणी आत शिरलं नाही तरी दारच दिसणार होतं. ‘उशीर होतो’ शेवटी गेलं. वाक्य तिथेच थांबत होतं, उपदेश करत नव्हतं.

तिथे ती थांबली असती तर सगळं ठीक झालं असतं. पण तिला दादा आठवला. बोट थबकलं, आणि तिने खाली आणखी एक ओळ जोडली : ‘दादा, तुझ्या घराच्या फोटोवर मी जे बोलले त्याबद्दल मनापासून सॉरी.’ वाचून तिचेच डोळे भरून आले. आणि तिने फोटो टाकला.

बदाम येऊ लागले. ‘किती प्रामाणिक!’ ‘सगळ्यांसमोर माफी मागायला काळीज लागतं.’ ‘तुझ्यासारखी बहीण सगळ्यांना मिळो.’ टिंगू एक डाग ठोकत होती आणि दर मिनिटाला मोबाइल बघत होती. तिला छान वाटत होतं. फारच छान वाटत होतं.

मग दादाचा मेसेज आला. अंगठा नव्हता. आवाज होता, दोन सेकंदांचा. तिने कानाला लावला. पेल्यावर चमचा.

टिंग टिंग.

ती आधी भडकली. माफी मागितली तरी याचं पोट भरत नाही! मग तिने बदामांखालचं सगळं पुन्हा वाचलं. तिथे दादा कुठेच नव्हता. सगळीकडे तीच होती : प्रामाणिक, काळीजवाली, आदर्श बहीण. दादाची माफी मागायच्या निमित्ताने तिने स्वतःचाच सत्कार भरवला होता, आणि जे विसरले होते त्यांनाही बाल्कन्यांची आठवण करून दिली होती.

तिने शेवटची ओळ काढली. फोटोखाली ‘संपादित’ असा शब्द आला; येऊ दे. मग फोन लावला.

‘‘मीटिंगमध्ये आहे,’’ दादा म्हणाला. मागे पोरं कालवा करत होती, शिट्टी वाजली.

‘‘असू दे. ऐक. मी चुकले. तुला घराचा आनंद झाला होता आणि मी त्यावर सगळ्यांसमोर विरजण घातलं. हे फक्त तुला सांगतेय, इथे मागच्या खोलीत कुणी नाही.’’

‘‘इस्त्रीवाले काका?’’

‘‘ते ऐकतात, पण बोलत नाहीत.’’

दादाने पोरांना लांब पिटाळलं. ‘‘ती ओळ काढलीस?’’

‘‘काढली.’’

‘‘दाराची ठेवलीस ना? ती चांगली होती. खरी होती. माझ्या जुन्या खोलीचं दार अजून लागत नाही तुझ्यामुळे.’’ मग त्याचा आवाज सैल झाला. ‘‘तुला सांगतो, घर खरंच मोठं आहे गं. मला ‘छोटंसं’ लिहायचंच नव्हतं. पण ‘मोठं’ लिहिलं तर कसं दिसेल असं वाटलं.’’

‘‘मोठं आहे तर मोठं लिहायचं. एकच टिंग, शिक्षा नाही.’’

‘‘मग तूच लिही. फोटो पुन्हा टाकतो, खालच्या चार ओळी तुझ्या. आणि रविवारी घर बघायला ये. बघितल्याशिवाय काय लिहिणार तू?’’

‘‘येते. पण आधी फोटो पाठव.’’

‘‘पाठवतोय, थांब.’’

मोबाइल थरथरू लागला आणि थांबेचना. बाल्कनी, बाल्कनी, बाल्कनीतून दिसणारी बाल्कनी, उघडा नळ, बंद नळ, दादा नळाशेजारी. टिंगू एकेक बघत, प्रत्येकाखालच्या चार ओळी मोजत गेली आणि आपल्यापुढे काय वाढून ठेवलंय ते तिला हळूहळू कळू लागलं.