सूर्य न पाहिलेली नवमी

मोजणीमावशीला आख्खी गल्ली मोजणीमावशी म्हणायची, ते तिच्या बोटांमुळं. भाजी घेताना, जिना चढताना, कुणाचं लांबलेलं भाषण ऐकताना तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालतच असायचा. तिची सून माहेरी सांगायची, "आमच्या सासूबाई झोपेतसुद्धा मोजतात. काय मोजतात ते विचारायची माझी छाती होत नाही."

मावशी मोजायची ते दिवस. जन्म-मृत्यूच्या कचेरीत मागच्या खोलीत तिचं टेबल होतं. खोलीला एकच खिडकी आणि तिच्यासमोर शेजारच्या इमारतीची भिंत, त्यामुळं दिवा दिवसभर लागलेला. समोर शाईनं लिहिलेली जुनी दप्तरं, आणि त्यांत ना जानेवारी, ना फेब्रुवारी. शके अमुक, माघ वद्य पंचमी, असं सगळं. ते वाचून सरकारी तारखेत बसवायचं आणि संगणकात भरायचं, हे तिचं काम. कागदाला म्हाताऱ्याच्या उशीसारखा वास यायचा. नवीन आलेला शिपाई पहिल्या दिवशी दारातच थबकला आणि म्हणाला, इथं कुणीतरी श्वास रोखून बसलंय असं वाटतं. मावशी म्हणाली, "एक नाही रे, चांगले हजारभर आहेत. आत ये, चावत नाहीत."

कामाचे कायदे तिला तोंडपाठ. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन. पण एक जानेवारी उलटली की एकोणऐंशी, ते थेट फाल्गुन संपेपर्यंत, कारण शक बदलतो चैत्रात. म्हणजे शके अठराशे सत्तरचा चैत्र एकोणीसशे अठ्ठेचाळीसातला आणि त्याच शकातला माघ एकोणपन्नासातला. पौष मात्र लबाड, एक पाय या सालात आणि एक पुढच्या. अधिक महिना असेल तर एकाच नावाचे दोन महिने पाठोपाठ, तेव्हा अधिक की निज ते पाहिल्याशिवाय पेन उचलायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा कायदा असा, की त्या वर्षाचं पंचांग उघडायचं, तारीख काढायची आणि वार लिहिलेला असेल तिथं तो जुळतो का पाहायचं. वार जुळला नाही तर तारीख खोटी.

एकाच वर्षाला तिनं हा कायदा मोडला होता. त्या सालच्या पंचांगाची मधली पानं वाळवीनं खाल्ली होती. प्रत्येक पक्षाची प्रतिपदा कोणत्या तारखेला, एवढी यादी मलपृष्ठावर शाबूत होती. साहेब घाई करत होते. मावशीनं प्रतिपदेवर अंगठा ठेवला आणि पुढं पेरांवर मोजत गेली. द्वितीया दुसऱ्या दिवशी, तृतीया तिसऱ्या. वार जुळवायला थांबली नाही, आठवडाभरात वर्ष उरकलं. एका ठिकाणी अमावस्या आणि पुढची प्रतिपदा एकाच तारखेवर येऊन बसल्या. मावशी म्हणाली, बसू देत बापड्या, जागा कमी असेल. आणि पान उलटलं.

मग एका दुपारी घड्याळवाले काका आले.

घड्याळवाले काका म्हणजे कोपऱ्यावरचे घड्याळं दुरुस्त करणारे. एक डोळा कायम बारीक, भिंग लावून लावून तसाच राहिलेला. गल्लीत त्यांच्यावरून विनोद होता की ते बायकोकडेही एकाच डोळ्यानं पाहतात, म्हणून संसार टिकला. आईविना वाढलेला माणूस. बाळंतपणातच ती गेली, हे सगळ्यांना माहीत. वाढवलं आत्यानं, आणि आत्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची: तुझ्या आईनं तुला उराशी धरलं, तुझ्या कानाची पाळी चिमटीत धरली आणि म्हणाली, कान बापाचे आहेत. काका ती पाळी चिमटीत धरूनच भिंग लावायचे. आधल्या आठवड्यात त्यांनी दोन दाखले नेले होते, स्वतःच्या जन्माचा आणि आईच्या मृत्यूचा. नातवाला परदेशी जायचं होतं, त्याला घराण्याचे कागद हवे होते.

त्यांनी दोन्ही दाखले टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

मावशीनं वाचलं. आई गेली ती एका तारखेला. मुलगा जन्मला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी.

खोलीतला दिवा बारीक गुणगुणत होता, तेवढंच ऐकू येत होतं.

"मावशी," काका म्हणाले, आणि आवाज त्यांचा नव्हताच, कुठल्या तरी कपाटातून आल्यासारखा होता, "मी मेलेल्या बाईच्या पोटातून आलो का?"

मावशीनं दोन्ही दाखले पुन्हा वाचले. काकांनी सांगितलं, की कागद वाचल्यापासून त्यांना झोप नाही. आरशात पाहिलं की वाटतं, हा माणूस कुणीतरी उशिरा बाहेर काढलेला आहे. हात गार पडतात. आत्या खोटं बोलली असणार, लहान पोराची समजूत घालायला. "आणि ती तरी काय सांगणार? आई दिवसभर मेलेली होती आणि मग तू झालास, असं सांगणार होती?"

ते गेले. मावशी घरी जाताना मुद्दाम कोपऱ्यावरून गेली. काकांच्या दुकानात भिंतभर घड्याळं. एरवी तिथून जाताना टिकटिक अंगावर पावसासारखी पडायची. त्या संध्याकाळी दुकान उघडं होतं, दिवा होता, काका आत बसलेले होते आणि एकही घड्याळ चालत नव्हतं. किल्ली दिलेली नव्हती. सगळे काटे जिथले तिथं, आणि काका भिंग लावून मोकळ्या तळहाताकडे पाहत बसलेले. मावशीनं हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्या दुकानात हाक मारली तर उत्तर भलतंच कुणी देईल, असं तिला वाटलं. हे ती पुढं कितीतरी दिवस कुणाला बोलली नाही, आणि मावशीनं एखादी गोष्ट पोटात ठेवली म्हणजे समजा ती पोटात टोचत होती.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी कचेरीत गेली आणि दोन्ही दप्तरं उघडली. मृत्यूच्या दप्तरात लिहिलं होतं: वद्य अष्टमी, मंगळवार, दिवेलागण. जन्माच्या दप्तरात: वद्य नवमी, दुपार. जन्माच्या दप्तरात वाराचा रकानाच नव्हता. तिथं वार जुळवायचा म्हटला असता तरी जुळवता आला नसता. अष्टमी मंगळवारी, मग नवमी बुधवारी, पेरावर पेर. यात चुकायला जागा कुठं होती?

काकांना तिनं बोलावून घेतलं आणि एकच विचारलं, की आत्या कधी वार म्हणाली होती का.

"दर मंगळवारी माझ्या डोक्यावर हात फिरवायची," काका म्हणाले. "म्हणायची, मंगळवारचं पोर हट्टी."

मावशीचा अंगठा मधल्या बोटावर थांबला. अष्टमी मंगळवारी आणि नवमीही मंगळवारी? हे असं कधी होतं ते तिला ठाऊक होतं. ती उठली, पदर खोचला आणि काकांना हाताला धरून बाहेर पडली. साहेबांनी विचारलं कुठं, तर म्हणाली, "हरवलेला दिवस शोधायला. सापडला तर रजा मांडू नका."

दप्तरं बांधून देणारा बुकबाइंडर दोन गल्ल्यांपलीकडे होता. त्याच्याकडे बांधायला आलेली आणि परत न नेलेली पंचांगं माळ्यावर पडून होती. तो शिडीवर चढून पानं झटकत एकेक वर्ष खाली देत गेला, आणि धुळीतून ते वर्ष आलं, सगळ्या पानांनिशी. मावशीनं महिना काढला, वद्य पक्ष काढला, ओळीवर नखानं खूण केली. अष्टमी, मंगळवार. पुढची ओळ दशमी, बुधवार. मधे नवमी नव्हतीच. अष्टमीच्याच ओळीत बारीक अक्षरात होतं: नवमीचा क्षय.

"नव्हती?" काकांनी विचारलं. बारीक डोळा अजूनच बारीक झाला. "म्हणजे मी जन्मलो तो दिवसच नव्हता?"

"होता," मावशी म्हणाली. "ऐका. दिवसाला नाव मिळतं ते सूर्य उगवताना चालू असलेल्या तिथीचं. पण तिथी काही सूर्याची वाट पाहत नाही. त्या मंगळवारी सूर्य उगवला तेव्हा अष्टमी होती. थोड्या वेळात ती संपली आणि नवमी लागली. ती मंगळवारभर चालली, रात्रभर चालली आणि बुधवारचा सूर्य उगवायच्या आत संपली. तिनं सूर्य उगवताना पाहिलाच नाही, म्हणून तिला स्वतःचा दिवस नाही. पण ती होती. मंगळवारच्याच पोटात होती."

बुकबाइंडर शिडीवर तसाच उभा होता, एक पाय हवेत.

मावशीनं मग दोन्ही दप्तरं लिहिणाऱ्यांची रीत सांगितली. जन्म नोंदवायची सुईण. ती बाळ आलं त्या क्षणी चालू असलेली तिथी सांगायची, म्हणजे दुपारी नवमी. मृत्यू नोंदवायचा स्मशानाचा रखवालदार. तो सकाळी उगवतीची तिथी धरायचा आणि रात्रीपर्यंत तीच लिहायचा, म्हणजे अष्टमी. दोघांनी खरंच लिहिलं होतं. दोघांचा मंगळवार एकच होता.

"मग खोटं कुणी लिहिलं?"

"मी," मावशी म्हणाली आणि स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "या भवान्यांनी."

मग काकांनी विचारलं, आणि हेच विचारायला ते इतके दिवस झोपले नव्हते हे तिला तेव्हा कळलं. "दुपार ते दिवेलागण. किती वेळ होतो?"

मावशीचा अंगठा सवयीनं पहिल्या पेरावर गेला. तिनं तो मुठीत दाबून धरला. "ते मी मोजणार नाही," ती म्हणाली. "पण कान पाहायला पुरतो."

कचेरीत परत येऊन तिनं जन्माच्या जुन्या दाखल्यावर आडवी रेघ मारली, रद्द लिहिलं, सही केली आणि नवा काढला. आईची तारीख आणि मुलाची तारीख, आता एकच. काकांनी दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले आणि कडा जुळवल्या, घड्याळाचं झाकण बसवतात तशा. निघताना हात कानाच्या पाळीकडे गेला आणि तिथंच राहिला.

मावशी मात्र बसून राहिली. त्या पक्षात नवमीनंतर नोंदलेले सगळे, दशमीपासून अमावस्येपर्यंत, तिनं एकेक दिवस पुढं ढकलले होते. त्यांतले काही या गल्लीतच हिंडत होते, एक दिवसानं धाकटे होऊन. काही गेलेले होते, आणि त्यांना तिनं कागदावर एक दिवस जास्त जगवलं होतं. अमावस्या आणि प्रतिपदा एकाच तारखेवर का बसल्या होत्या, ते आता कळत होतं. ते दप्तर तिला सांगत होतं, आणि ती पान उलटून गेली होती. तिनं बुकबाइंडरचं पंचांग पुढ्यात ओढलं, पक्षाची पहिली ओळ काढली आणि बोटं मोजायला लागू नयेत म्हणून दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

संध्याकाळी ती कोपऱ्यावरून घरी गेली. दुकानातून टिकटिक येत होती, भिंतभर, सगळी घड्याळं चालू. सगळ्यांची वेळ बरोबर होती. फक्त मधल्या खणातलं एक जुनं घड्याळ बंद ठेवलं होतं, आणि त्याचे काटे कुणीतरी मुद्दाम दिवेलागणीच्या थोडं अलीकडे नेऊन थांबवले होते.

मावशी त्याच्याकडे पाहत उभी राहिली. मग तिनं पाहिलं, की तिचा अंगठा हलत नव्हता.