परवानगीत अडकलेले केळीचे भाव

भडगावच्या केळी उत्पादकांच्या गटासाठी मी जळगावात बसून एक ॲप बनवलं होतं. गटाने ठरवलेला दिवसाचा भाव त्यांच्या सोशल मीडियावरच्या पेजवर सकाळी आपोआप पडावा, एवढंच त्याचं काम. त्या सोशल मीडिया कंपनीची परवानगी येईपर्यंत ॲप चाचणीवरच होतं. म्हणजे पोस्ट पडायची, पण दिसायची फक्त मी टेस्टर म्हणून जोडलेल्यांना. गटाचे अध्यक्ष आबा त्यातले एक.

आबांनी भरल्या बैठकीत सांगून टाकलं, "चालू झालं! उघडा पेज." पेज कोरंच. मग मला त्यांचा फोन आला.

"मना मोबाईलवर बठ्ठं दिसस, बेटा. लोकेस्ले का बरं दिसत नही?"

त्यांना सगळं दिसतं आणि लोकांना का नाही, ते मी समजावलं. आबांनी तिथेच बैठकीला तसं सांगून टाकलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

गटाची कागदपत्रं कंपनीने पडताळली होती, तपासणीचा अर्जही गेला होता. आठवडा उलटला आणि नकार आला: तपासनिसाला ॲपमध्ये शिरता आलं नाही. शिरणार कसा? आमच्या लॉगिनला ओटीपी लागायचा आणि तो यायचा आबांच्या फोनवर! शिवाय मी पाठवलेल्या व्हिडिओत परवानगी देण्याचा भागच नव्हता, आणि बटणं सगळी मराठीत.

तपासनिसासाठी पासवर्डवालं वेगळं खातं केलं. व्हिडिओ पुन्हा काढला. लॉगिन, परवानगीचा होकार, भाव भरणं, पेजवर पडलेली पोस्ट, सगळं सलग दाखवलं, खाली इंग्रजी ओळी टाकल्या. पाठवलं, आणि मग जेवतानासुद्धा ईमेल उघडून बघायची सवय लागली. आई म्हणाली, "घास तरी गिळ आधी."

मंजुरी आली तेव्हा आनंद व्हायच्या आधी धडकी भरली. चाचणीत मी मनाला येतील ते भाव टाकले होते. ॲप सुरू केल्यावर ते लोकांना दिसले तर? खोट्या भावावरून व्यापारी आणि शेतकऱ्यांची बांधावर जुंपली असती. म्हणून आधी एकेक जुनी पोस्ट पुसली आणि मगच ॲप सर्वांसाठी खुलं केलं.

तरी पहिले काही दिवस आबांनी 'हो' दाबल्याशिवाय काही पडणार नाही, अशी सोय ठेवली. ते रोज आकडा वाचून 'हो' दाबत. एकदा दशांश चिन्ह चुकलेलं त्यांनीच पकडलं. त्यानंतर मी भाव आदल्या दिवसापेक्षा फारच वेगळा असला तर पोस्ट थांबेल, असं बसवलं.

शेवटी त्यांनीच सांगितलं, "आते सोड त्याले एकटं."

आबांच्या 'हो'शिवाय पहिला भाव पडायचा होता, त्या सकाळी मी धुळ्याच्या नणंदेला फोन लावला. तिचा या ॲपशी काही संबंध नव्हता, म्हणूनच लावला.

"वन्स, पेजवर काही दिसतंय का?"

"थांब गं... हो, आजचा केळीचा भाव आहे. का, काय झालं?"

"काही नाही," म्हटलं, आणि तिच्याकडून आकडा दोनदा वाचून घेतला.