जाड दोरीची लाट

झाशीजवळ एरचच्या रस्त्यावर आमच्या कंपनीचा एक सडपातळ मनोरा आहे. जमिनीत पक्क्या केलेल्या तीन पोलादी दोऱ्यांनी तीन बाजूंनी ताणून धरलेला. एक दोरी गंजली म्हणून बदलायची होती आणि ताण तपासायचं काम माझ्याकडे होतं. पद्धत साधी आहे. दोरीला खालून झटका द्यायचा. लाट वर जाते, मनोऱ्यापर्यंत पोचून परत येते आणि दोरीवर ठेवलेल्या हाताला धक्का जाणवतो. असे पाच धक्के किती वेळात येतात ते बघायचं. ताण जास्त, तर लाट वेगात पळते.

कामगारांनी नवी दोरी आवळत आवळत जुन्या दोघींच्या, सकाळी मोजलेल्या वेळेवर आणली. काम संपलं असं समजून आमचे चढणारे भैया वरचा लाल दिवा बदलायला गेले. पश्चिमेकडे आभाळ पिवळं पडायला लागलं होतं. आंधी, धुळीचं वादळ, येणार होती.

मन लागेना, म्हणून एका जुन्या दोरीला पुन्हा झटका दिला. धक्के सकाळपेक्षा लवकर आले. दुसऱ्या जुन्या दोरीचंही तसंच. त्या दोघींना तर कुणी हातही लावला नव्हता! मग त्या घट्ट कशा झाल्या?

मी मागे सरकून वर पाहिलं. दोऱ्या जिथे बांधल्या होत्या तिथे मनोरा किंचित नव्या दोरीकडे झुकला होता. धावत जाऊन तिच्या वेटोळ्याची चिठ्ठी वाचली. गोदामातून जाड दोरी आली होती, मीटरला जुनीच्या दीडपट वजनाची. जड दोरीत लाट हळू चालते. तरी तीच वेळ गाठायची म्हणून आम्ही तिचा ताणही दीडपट करून ठेवला होता, आणि ती मनोऱ्याला ओढत होती.

मी वायरलेसवर ओरडले. "भैया, सब छोड़िए, नीचे आइए."

"मैडम, बस दो पेंच बाकी हैं."

"पेंच रहने दीजिए! अभी आइए."

तेवढ्यात आईचा फोन. "आंधी येतेय म्हणतात. कुठे आहेस गं?"

"कामावर. नंतर बोलते."

ते उतरत होते आणि मी त्यांची प्रत्येक पायरी मोजत होते. वाऱ्याचा पहिला झोत आला तेव्हा त्यांचे पाय जमिनीला लागले. काय झालं ते सांगितल्यावर ते थेट पाना घेऊन बसले. नवी दोरी सैल करत गेलो. जड दोरीला त्याच ताणात जास्त वेळ लागणारच; तिची वेळ वाढत जाऊन जुन्यांच्या सव्वापटीच्या जरा आत आली, तेव्हा त्या दोघी सकाळच्या वेळेवर परतल्या.

मग धूळ आली. जीपच्या काचेतून मनोरा दिसेनासा झाला. धूळ बसली तेव्हा तो सरळ उभा होता.

"अब चलें?" भैयांनी विचारलं.

मी जीपमधून उतरले. तिन्ही दोऱ्या पुन्हा एकदा तपासल्याशिवाय मला झाशीला परतवेना.