पत्र्याखालची ट्यूब

फोटोग्राफर मंडळाच्या प्रदर्शनात मी धुळ्याच्या एका मित्राचा फोटो बाद केला होता. त्यातला ओला रस्ता संगणकावर बनवलेला आहे, असं कारण मी दिलं होतं. तो रस्ता खरोखर ओला होता. हे मी नंतर मंडळाच्या सभेत सांगितलं, पण सभेतलं बोलणं चहाच्या कपांबरोबर उचललं जातं. म्हणून लिहून ठेवतो.

माझा जळगावात स्टुडिओ आहे. आधी अंधारी खोली होती, मग संगणक आला, आणि उतारवयात मी तो हट्टाने शिकलो. एकदा एका सराफाने दिवाळीच्या कॅलेंडरसाठी आपल्या पेठेचा रात्रीचा फोटो काढून घेतला. माळा, पाट्या, शोकेस, सगळं छान उजळलं होतं. त्याने पडद्याकडे बघून तोंड वाकडं केलं.

"भाऊ, दिवे झकास. पण रस्ता बघा, राख सांडल्यासारखा. जरा पाऊस पाडा."

"आता पाऊस कुठून आणू?"

"आभाळातून नका आणू, तुमच्या संगणकातून आणा."

मी आणला. ओलं डांबर कोरड्यापेक्षा गडद दिसतं, म्हणून आधी रस्ता तेवढा काळसर केला. मग दुकानांच्या आणि दिव्यांच्या प्रती काढून उलट्या केल्या आणि रस्त्यावर ठेवल्या. सगळा फोटो एकदम उलटा करून चालत नाही. वस्तू जिथे जमिनीला टेकते, तिथूनच तिचं प्रतिबिंब सुरू व्हायला हवं. म्हणून दुकानांची रांग वेगळी, विजेचा खांब वेगळा, उभी रिक्षा वेगळी. या प्रती अशा मिसळल्या की उजेड तेवढा रस्त्यावर उतरेल आणि अंधार उतरणार नाही. त्यांना उभ्या दिशेने पुसट केलं, तेव्हा दिव्यांचे लांबट पट्टे बघणाऱ्याच्या पायापर्यंत आले. खडीच्या खरखरीतपणाप्रमाणे ते पट्टे थोडे मोडले. शेवटी मधले काही तुकडे कोरडे ठेवले, कारण सगळाच रस्ता चमकला तर काच वाटते.

कॅलेंडर घरोघरी लागलं. लोक विचारायचे, "कोणत्या पावसातला हो?" मी हसायचो. ते हसणं उत्तर म्हणून चालून गेलं. पुढे लग्नाआधीच्या फोटोंसाठी धरणगावपासून पोरं-पोरी यायला लागली, बिल्डर यायला लागले. सगळ्यांना रस्ता ओला हवा. मी इतके रस्ते ओले केले की पावसात बाहेर पडून बघायचं सुटलं.

त्याच दिवसांत मंडळाने मला परीक्षक केलं. रस्त्यावरच्या फोटोंच्या विभागात उजेड-अंधार कमीजास्त केलेला चाले, पण नसलेली गोष्ट घातलेली चालत नसे. मित्राचा फोटो धुळ्याच्या बाजारातला होता. सर येऊन गेलेली, कापडाच्या दुकानापुढे पत्र्याची शेड, शेडच्या कडेला लोंबणारी पाटी, आणि समोर पाण्याने भरलेला रस्ता. बाकीचे दोघे परीक्षक माझ्याकडे बघत होते. ओल्या रस्त्यातलं मलाच कळतं, असा सगळ्यांचा समज. माझाही.

मी प्रतिबिंबावर बोट ठेवलं. "ही ट्यूबलाइट बघा. पाण्यात पत्र्याखाली ट्यूब दिसते. वर दुकानात आहे का? नाही. दुसऱ्या फोटोतून आणून चिकटवली."

फोटो बाद झाला. मित्राचा फोन आला. तो माझ्यापेक्षा बराच लहान, पण कॅमेऱ्याच्या बाबतीत तयार.

"भाऊ, कॅमेऱ्यातली मूळ फाइल घेऊन येतो. धुळ्याहून जळगाव काय लांब शे?"

"गरज नाही," मी म्हणालो. "डोळ्यांना दिसतंय."

सगळ्यात जास्त हे वाक्य मला टोचतं. चूक कोणाचीही होते. फाइल बघायला नकार मी दिला, आणि तो चुकून दिला नव्हता. माझ्या शब्दावर कोणी पुरावा मागावा, हे मला रुचलं नाही.

मंडळात बातमी पसरली. स्थानिक वर्तमानपत्रं त्याचे फोटो घेत असत, तिथले लोक गमतीने विचारू लागले, "बनवलेला तर नाही ना?" काही दिवसांनी विचारणंही थांबलं आणि फोटो घेणंही. प्रदर्शनाला त्याने पुन्हा काही पाठवलं नाही. लग्नांचे फोटो काढत राहिला.

मध्ये काही वर्षं गेली. एका संध्याकाळी शेजारच्या चहावाल्याने ओटा धुऊन बादल्यांनी पाणी रस्त्यावर लोटलं. मी समोरच्या बाजूने माझ्या स्टुडिओकडे येत होतो. पाण्यात माझी पाटी उलटी दिसत होती, आणि तिच्यामागे, पत्र्याला खालून लावलेली माझी ट्यूब. मान वर केली, तर ट्यूब पाटीआड. मान खाली घातली, तर ट्यूब लख्ख.

मी तिथेच उभा राहिलो. स्कूटरवाल्याने शिवी दिली तेव्हा बाजूला झालो.

पाणी आरसा असतं. आपले डोळे जमिनीपासून जेवढे वर असतात तेवढेच जमिनीखाली खोल असते, तर तिथून वर बघताना जे दिसलं असतं, ते पाणी दाखवतं. म्हणून त्यात पत्र्याची खालची बाजू दिसते, समोरून झाकलेलं उघडं पडतं. मी मात्र वरचंच चित्र उलटं करून चिकटवत होतो. माझ्या प्रतिबिंबात वर नसलेली ट्यूब कधी येणारच नव्हती. माझं खोटं मी माप म्हणून वापरलं आणि त्या मापाने त्याचं खरं मोजलं.

धुळ्याला गेलो. तो दुकानात अल्बम बांधत होता. उठला नाही. कशाला आलो, ते बसल्या जागेवरून अहिराणीत विचारलं.

"या भाऊ, बठा. आज कसाले वनात? रस्ता कोरडा पडना का?"

मी सगळं सांगितलं. चहावाल्याच्या बादलीपर्यंत. त्याने हातातला अल्बम मिटला.

"फोटो खरा शे, हे माले ठाऊक व्हतं. तुमले नव्हतं." मग तो अहिराणी सोडून साध्या मराठीत बोलला, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात तसं. "इथे येऊन मला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच आहे. चार लोकांत बोललात, चार लोकांत सांगा."

त्याचं बरोबर होतं. सभेत मी टेबलावर आरसा आडवा ठेवला, त्यावर बुटाचं खोकं उभं केलं, पुढे पुठ्ठ्याची शेड काढली, तिच्या कडेला पुठ्ठ्याचीच पाटी लोंबवली आणि पाटीआड छोटा दिवा लावला. एकेकाला बोलावून दाखवलं. वर दिवा नाही, आरशात आहे. मग बाद फोटोचं सांगितलं, आणि मूळ फाइल बघायला मी नाही म्हणालो होतो, तेही. एकजण म्हणाला, "जाऊ द्या हो भाऊ, जुनी गोष्ट." मी म्हणालो, जाऊ देण्याचा हक्क धुळ्याला आहे, जळगावला नाही.

मित्र शेवटच्या खुर्चीवर होता. पुढच्या प्रदर्शनात तो फोटो लावायची परवानगी मंडळाने त्याला मागितली. स्पर्धेत ठेवायला तो नाही म्हणाला. नुसता लावायला हो म्हणाला, पण एका अटीवर.

"भाऊना कॅलेंडरना फोटो बी बाजूले लावा."

दोन्ही शेजारी लागले. माझ्या फोटोखालची ओळ मीच लिहून दिली: कोरडा रस्ता, संगणकावर ओला केलेला. त्याच्या फोटोखाली फक्त त्याचं नाव होतं. येणारे आधी माझ्या फोटोशी थांबायचे, कारण तो जास्त चमकायचा. मग ओळ वाचायचे, बाजूच्या फोटोकडे सरकायचे आणि वाकून पाण्यात ट्यूब शोधायचे.

संध्याकाळी मित्र माझ्याजवळ येऊन उभा राहिला. बराच वेळ माझाच फोटो बघत होता.

"रिक्षाचं टायर जमिनीला टेकलं नाही, भाऊ," तो म्हणाला. "प्रतिबिंब दोन बोटं खाली सुरू होतंय."

मी चष्मा लावून बघितलं. खरंच टेकलं नव्हतं.